कप घ्यायचे होते, रजया विकायला निघालो: एका वाक्यातल्या दोन चुकलेल्या सुरांचं प्रकरण

## पार्श्वभूमी

सांगलीकडचे एक ठोक व्यापारी आहेत. भेटवस्तू आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं दुकान, वय साठीच्या आसपास. इथे त्यांना अण्णा म्हणू. माल घेण्यासाठी ते पहिल्यांदाच चीनच्या च-च्यांग प्रांतातल्या इवू शहरात निघाले होते. इवूचा ठोक बाजार म्हणजे एकच अवाढव्य इमारत-संकुल आहे. तेव्हा त्याचे पाच विभाग आणि सत्तर हजारांहून जास्त गाळे होते. कुठल्या विभागात काय मिळतं हे ठरलेलं असतं: खेळणी एकीकडे, छत्र्या आणि बॅगा दुसरीकडे, अंथरूण-पांघरूण पाचव्या विभागात. चुकीच्या विभागात शिरलात की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

मी पुण्यात चिनी भाषा शिकवते आणि अधूनमधून दुभाष्याचं काम करते. अण्णांबरोबर जाणं मला जमणार नव्हतं. त्यांचा पुतण्या सोबत होता, पण त्यालाही चिनी येत नव्हतं. म्हणून अण्णांनी माझ्याकडून वीस वाक्यं भाषांतर करून घेतली. त्यांना रोमन लिपीतली खुणांची वाक्यं वाचायचा कंटाळा, त्यामुळे मी ती सरळ देवनागरीत लिहून दिली. मनात थोडी फुशारकीही होती. चिनी उच्चारांसाठी देवनागरी रोमनपेक्षा सोयीची आहे, असं मी वर्गात नेहमी सांगते आणि ते खरंही आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असा भेद असतो, तो आपल्याला आपसूक येतो. ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चिमणी’मधला च वेगळा हे मराठी माणसाला समजावावं लागत नाही, आणि चिनीतही साधारण असेच दोन वेगळे च आहेत.

वीसपैकी पहिलंच वाक्य असं होतं:

वो शिआंग माइ पेइत्स.

म्हणजे ‘मला कप विकत घ्यायचे आहेत.’ वो म्हणजे मी, शिआंग म्हणजे इच्छा असणं, माइ म्हणजे विकत घेणं, पेइत्स म्हणजे कप किंवा पेला. अक्षरं बरोबर होती, शब्दांचा क्रम बरोबर होता. फक्त सूर लिहिले नव्हते. जाण्याआधी दोनदा फोनवर म्हणून दाखवलं आणि म्हणवून घेतलं, आणि तेवढं पुरेल असं मी धरून चालले.

## काय घडलं

पहिल्या दिवशी सकाळी अण्णा संकुलाच्या एका प्रवेशद्वाराशी असलेल्या चौकशीच्या टेबलापाशी गेले आणि तयारीचं वाक्य ठणठणीत आवाजात म्हणाले. टेबलामागच्या मुलीनं खात्री करून घ्यायला विचारलं, “नी माइ पेइत्स?” अण्णांना आपलेच शब्द परत ऐकू आले. त्यांनी आनंदानं मान डोलावली आणि यादीतला दुसरा शब्द वापरला, “त्वेइ, त्वेइ”, म्हणजे बरोबर, बरोबर. मुलीनं कागदावर पाचचा आकडा लिहिला आणि दिशा दाखवली.

पाचव्या विभागात पोहोचल्यावर चहूकडे उशा, चादरी आणि रजया. पुतण्याला शंका आली. अण्णांचं म्हणणं पडलं की एवढ्या मोठ्या बाजारात कपवालेही इथेच कुठेतरी असतील, आणि नसले तरी कुणीतरी ओळखीच्या गाळ्यावर नेईल. एका रजईच्या दुकानात शिरून त्यांनी तेच वाक्य म्हटलं. मालकीणबाईंनी त्यांना बसवलं, कागदी कपात चहा दिला आणि रजयांचे नमुने एकेक करून उलगडायला सुरुवात केली.

अण्णांनी मान हलवली, हातातला कागदी कप उंच केला आणि म्हणाले, “पेइत्स!” बाईंनी कपात आणखी चहा ओतला.

अण्णांनी दुसऱ्यांदा कप दाखवला, बोटानं टिचकी मारली आणि पुन्हा म्हणाले, “पेइत्स, पेइत्स!” तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हसतच सुटल्या. एका हातात त्यांनी कप धरला आणि म्हणाल्या “पेइत्स”. दुसऱ्या हातानं रजई थोपटली आणि म्हणाल्या “पेइत्स”. असं तीन-चार वेळा. पुतण्यानं प्रसंगावधान राखून ते फोनवर ध्वनिमुद्रित केलं.

मला फोन आला तेव्हा पुण्यात साडेअकरा वाजले होते, तिकडे दुपारचे दोन. अण्णा वैतागले नव्हते, पण गोंधळले होते. “ताई, तुमचं वाक्य बरोबर असेल, पण ही बाई कपालाही तेच म्हणते आणि गोधडीलाही तेच म्हणते. मग मी काय म्हणायचं?”

## अडचण नेमकी कुठे होती

पुतण्यानं पाठवलेलं ध्वनिमुद्रण मी ऐकलं. बाई दोन अगदी वेगळे शब्द म्हणत होत्या. मग अण्णांना त्यांचं वाक्य परत म्हणायला लावलं आणि तेही मुद्रित करून घेतलं. माझ्या कानाला आधीच माहीत होतं की त्यांना काय म्हणायचं आहे, म्हणून माझा कान साक्षीदार म्हणून निरुपयोगी होता. पुण्यात राहणाऱ्या एका ओळखीच्या चिनी बाईंना ते मुद्रण पाठवलं. आगापीछा काहीही सांगितला नाही. फक्त ‘काय ऐकू येतंय ते लिहा’ एवढंच म्हटलं. मी अण्णांच्या यादीसाठी लिहिलं होतं 我想买杯子. त्यांचं उत्तर आलं 我想卖被子.

‘मला रजया विकायच्या आहेत.’

पाच अक्षरांच्या वाक्यात दोन अक्षरं बदलली होती आणि दोन्ही केवळ सुरामुळे. आता हे सूर म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, प्रत्येक अक्षराला आवाजाची एक चाल असते. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रन यांनी १९३० साली ती मोजायची सोपी पद्धत मांडली: बोलणाऱ्याच्या आवाजाच्या पट्टीला खालपासून वरपर्यंत १ ते ५ असे टप्पे द्यायचे. पहिला सूर ५ वर सपाट राहतो. दुसरा ३ वरून ५ वर चढतो. तिसरा २ वरून १ वर खाली जातो आणि एकटाच उभा असेल तर शेवटी थोडा वर येतो. चौथा ५ वरून थेट १ वर कोसळतो. याशिवाय काही अक्षरं बिनसुराची, हलकी असतात; त्यांची उंची आधीच्या अक्षरावर ठरते.

मराठी माणसाला हे चारही सूर येतात, फक्त ते शब्दाचा भाग म्हणून नव्हे. आपला ‘हं’ घ्या. ऐकू आलं नाही तर आपण ‘हं?’ म्हणतो, तो दुसरा. चटकन होकार देताना म्हणतो ‘हं!’, तो चौथा. नाइलाजानं, जमिनीकडे बघत म्हणतो ‘हं…’, तो तिसरा. फोनवर समोरचा लांबण लावतो तेव्हा एकाच पट्टीत ‘हंऽऽ’ चालू ठेवतो, तो पहिला. आपल्याकडे सुरानं मनःस्थिती कळते, शब्द बदलत नाही. तिकडे शब्दच बदलतो.

माइ तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. पेइत्समधलं पेइ पहिल्या सुरात म्हटलं तर कप, चौथ्या सुरात म्हटलं तर पांघरायची रजई. त्स दोन्हीत बिनसुराचं. यापुढे सुराचा आकडा शब्दापुढे लिहिते: माइ-३, माइ-४, पेइ-१, पेइ-४.

दोन्ही चुका चौथ्या सुराकडे गेल्या, पण त्यांची कारणं वेगवेगळी होती. हे मला त्याच दुपारी कळलं असं नाही; पूर्ण उलगडा नंतर झाला.

माइची चूक माझ्या यादीतूनच आली होती. चौथं वाक्य होतं ‘त्सन्म माइ?’, म्हणजे ‘केवढ्याला?’. हे वाक्य बाजारात पदोपदी लागतं, म्हणून अण्णांनी ते सगळ्यांत जास्त घोकलं होतं. त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘कसं विकता?’ आणि त्यातलं माइ चौथ्या सुराचं. आपणही मंडईत हेच करतो: ‘वांगी कशी दिली?’ विचारताना घेणारे आपण असतो, पण क्रियापद देणाऱ्याचं वापरतो. यादीत मात्र दोन्ही ठिकाणी मी ‘माइ’ एवढंच लिहिलं होतं. अण्णांनी साहजिकच एकच शब्द धरला, आणि त्याला वारंवार घोकलेल्या वाक्यातली चाल लावली. त्यात आणखी भर म्हणजे ‘घ्यायचेत’ यावर त्यांना जोर द्यायचा होता. आपण जोर देतो तेव्हा आवाज वर चढवून खाली आपटतो. तिसरा सूर अशा जोरात टिकत नाही. तो वरून सुरू झाला की चौथाच ऐकू येतो.

इथे एक विषयांतर करते. घेणं आणि विकणं हे शब्द इतके जवळचे असणं चिनी माणसालाही विचित्र वाटतं, पण ते मुळात नात्यातलेच शब्द आहेत. जुन्या, न सुटसुटीत केलेल्या लिपीत ‘विकणे’च्या अक्षराच्या पोटात ‘घेणे’चं अख्खं अक्षर बसलेलं आहे. आणि आपण हसायचं कारण नाही. विकणे आणि विकत घेणे यांत आपणही एकच ‘विक’ वापरतो, फरक मागच्या ‘घेणे’वर सोपवतो. त्यांनी तो सुरावर सोपवला आहे.

पेइत्सची चूक जास्त अवघड होती, आणि अण्णांना दोन्ही शब्द एकच का वाटत होते तेही तिच्यातच दडलेलं आहे. कप म्हणताना पेइ वर ५ च्या पट्टीत सपाट थांबतं आणि मग त्स एकदम खाली, साधारण २ वर पडतं. रजई म्हणताना पेइ स्वतःच ५ वरून १ वर घसरतं आणि त्स तिथेच तळाला राहतं. म्हणजे दोन्ही शब्द वर सुरू होतात आणि खाली संपतात. चिनी कान बघतो तो उतार कुठे आहे: पेइच्या आत की पेइ आणि त्स यांच्या मध्ये. मराठी कान शब्दाची एकूण चाल ऐकतो, आणि ती दोन्हीकडे ‘वरून खाली’ अशीच आहे. आपला दोन अक्षरी शब्द सुटा म्हटला तरी बहुतेक वेळा शेवटाकडे असाच उतरतो. अण्णा शब्द त्या सवयीनं म्हणत होते आणि उतार पेइमध्येच पडत होता.

## चौकशीच्या टेबलावरची मान

मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा क्षण दुकानातला वाटत नाही, चौकशीच्या टेबलावरचा वाटतो. त्या मुलीनं चोख काम केलं. विचित्र वाक्य ऐकलं, म्हणून अर्थ पक्का करायला उलट विचारलं. पण तिनं विचारलं ते त्याच शब्दांत: ‘तुम्ही रजया विकता?’ ज्या माणसाला सूर ऐकू येत नाहीत, त्याला हा प्रश्न स्वतःच्याच वाक्याचा प्रतिध्वनी वाटतो, आणि तो हमखास ‘हो’ म्हणतो. म्हणजे खात्री करून घेण्याची नेहमीची वाट इथे चूक पक्की करत होती.

दुकानात गोष्ट थोडी वेगळी झाली. तिथेही अण्णा ‘मला रजया विकायच्या आहेत’ असंच म्हणाले असणार, पण मालकीणबाईंनी त्यातलं ‘विकायच्या’ सोडून दिलं. दुकानात येणारा माणूस घ्यायलाच येतो, शिवाय परदेशी आहे, तेव्हा त्यांच्या कानानं माइ-४ ची माइ-३ करून टाकली. पेइ-४ मात्र त्यांना दुरुस्त करावीशी वाटली नाही, कारण दुकान रजयांचंच होतं. हाच माणूस कपांच्या दुकानात शिरला असता तर दोन्ही चुका न सांगता दुरुस्त झाल्या असत्या आणि मला कधी फोनही आला नसता. चुकीच्या सुरांनी बोलणारे परदेशी लोक चीनमध्ये रोज बाजारहाट करतात ते असंच. प्रसंग बराचसा भार उचलतो. जिथे प्रसंग काहीच सांगत नाही, म्हणजे चौकशीचं टेबल, फोन, टॅक्सी, तिथे सगळा भार सुरांवर येतो. माझं पहिलं वाक्य नेमकं अशाच ठिकाणी वापरलं जाणार होतं आणि मी ते सगळ्यांत कमी तयार करून दिलं होतं.

## समोर कोणते पर्याय होते

त्या दुपारी बाजार बंद व्हायला काही तास होते, आणि दुसरा एकच दिवस हाताशी होता.

पहिला विचार मनात आला तो तिथला दुभाषी शोधण्याचा. इवूत ते मिळतात, पण अण्णांना त्या दिवशी फक्त नमुने बघायचे होते. दिवसभराची मजुरी देऊन कुणाला फिरवायची त्यांची तयारी नव्हती. भाव ठरवायच्या वेळी बघू, म्हणाले. ते मला पटलं.

दुसरा पर्याय होता वाक्य चिनी अक्षरांत पाठवायचं आणि फोनचा पडदाच समोर धरायचा. हा सगळ्यांत खात्रीचा. अक्षरांत सुराचा प्रश्नच येत नाही: कपाच्या अक्षरात डावीकडे लाकडाची खूण आहे, रजईच्या अक्षरात कपड्याची. तोटा एवढाच की दुकानदार वाचून भराभरा बोलू लागतो आणि मग आपल्याकडे उत्तराला पडदा नसतो. शिवाय अण्णांना बोलायची हौस होती, आणि ठोक बाजारात ती हौस उपयोगी पडते असा माझाही अनुभव आहे.

तिसरा पर्याय होता फोनवर सूर दुरुस्त करायचे. एका तासात साठीच्या माणसाचा कान बदलत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दोन अक्षरं बदलू शकतात.

चौथा पर्याय मला सुचला तो उशिरा, आणि खरं तर तो सगळ्यांत आधी सुचायला हवा होता: वाक्यच असं बदलायचं की सूर चुकला तरी अर्थ ढळणार नाही.

## काय केलं

लगेच अक्षरं पाठवली, 我想买杯子, मोठ्या आकारात, एकाच ओळीत. खाली कपाचं छायाचित्र. त्या जोरावर अण्णा तासाभरात कपांच्या गल्लीत पोहोचले. निघण्यापूर्वी त्यांनी एक रजई विकत घेतली. बाईंनी दोन कप चहा पाजला होता आणि दहा नमुने उलगडले होते. मोकळ्या हातानं उठणं त्यांना अवघड वाटलं.

संध्याकाळी हॉटेलवरून पुन्हा फोन झाला तेव्हा आम्ही सूर आणि वाक्य दोन्ही हाती घेतलं.

पेइत्ससाठी त्यांना पेइ लांबवायला लावलं, हार्मोनियमची एक पट्टी दाबून धरावी तसं: पेइऽऽऽ. आवाज हलू द्यायचा नाही. मग त्स नुसतं टाकून द्यायचं, उच्चारायचंही नाही जणू. हळूहळू पेइची लांबी कमी करायची, पण सपाटपणा सोडायचा नाही. रजईसाठी उलट: कुणाला ‘गप्!’ म्हणावं तसं पेइ. दहा मिनिटांत त्यांना दोन्ही वेगळे म्हणता येऊ लागले. ऐकताना ओळखणं मात्र त्या रात्री जमलं नाही. मी म्हणून दाखवलेले निम्मे शब्द त्यांनी चुकीचे ओळखले. म्हणता येणं आणि ऐकू येणं एकाच वेळी येत नाही.

माइसाठी मी त्यांना पाठ्यपुस्तकातली खाली जाऊन वर येणारी चाल शिकवली नाही. ती चाल एकट्या अक्षराची असते. वाक्यात पुढे पहिल्या सुराचं पेइ असताना माइ-३ फक्त खाली दबलेलं असतं, वर येत नाही. वर आणायच्या नादात माणूस सुरुवात उंचावरून करतो आणि मग ते माइ-४ होतं. म्हणून सांगितलं, “अण्णा, माइ म्हणताना उत्साह नको. नाइलाजाच्या ‘हं…’सारखं खाली, आणि लगेच पेइला वर उडी.” खाली-वर हा फरक त्यांना चटकन सापडला.

शिआंग मात्र आम्ही काढून टाकलं. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. वो, शिआंग आणि माइ हे तिन्ही मूळचे तिसऱ्या सुराचे. तिसरे सूर लागून आले की आधीचे बदलतात. झरझर बोलताना पहिले दोन चढते होतात आणि खालचं फक्त माइ उरतं. हा नियम शिकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा शिआंगच्या जागी याओ-४ घेतलं, म्हणजे ‘हवं आहे’. बाजारात तेच जास्त चालतं. वो याओ. पुढे माइ म्हटलं काय आणि न म्हटलं काय, ‘मला हवेत’ एवढं पोहोचतं. घेणं-विकणं हा घोळच मिटला.

आता कप की रजई. इथे माझ्या हातून आणखी एक चूक होता होता राहिली. चिनीत पाण्याच्या पेल्याला जोडशब्द आहे श्वेइ-३ पेइ-१. मी तो लिहिलाही होता. मग लक्षात आलं की श्वेइ चौथ्या सुरात घसरलं तर त्याचा अर्थ होतो झोपणं, आणि पेइ घसरलं की रजई. कपाकडे न्यायला आणलेला शब्द चुकला तर थेट अंथरुणात नेणार! तो खोडला. त्याऐवजी लिहिलं: ह-१ छा-२ त पेइ-१ त्स, म्हणजे ‘चहा प्यायचे कप’. ‘प्यायचे’ हा शब्द रजईशी जुळतच नाही, त्यामुळे मागचं पेइ कसंही पडलं तरी ऐकणारा ते कपाकडेच वळवतो. आणि छा हा शब्द विसरायची भीती नाही, आपला चहा तिथूनच आला आहे. चिनी माणसंसुद्धा फोनवर वगैरे शब्द नीट कळला नाही तर असंच करतात: ‘प्यायचा तो’, ‘पांघरायची ती’ अशी शेपटी जोडून देतात.

शेवटची दुरुस्ती नगाची. आपण ‘दोनशे कप’ म्हणतो. चिनीत आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये मोजणीचा शब्द लागतो. कपांना तो ‘क’ आहे, रजयांना ‘छ्वांग’, म्हणजे पलंग. दुकानातल्या बाई भाव सांगताना ‘इ छ्वांग’ म्हणाल्याचं मुद्रणात स्पष्ट ऐकू येत होतं. ते ऐकायला सुराची गरजच नाही. म्हणून अण्णांना सांगून ठेवलं: “समोरच्यानं भाव सांगताना छ्वांग म्हटलं की उठायचं.”

## निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी अण्णांनी नवं वाक्य म्हणून मुद्रण पाठवलं. तेही मी त्या चिनी बाईंकडे न सांगता पाठवलं. त्यांनी ‘चहाचे कप हवेत’ असं बिनचूक लिहिलं. उत्सुकतेपोटी जुनं वाक्यही अण्णांकडून नव्यानं म्हणवून घेऊन पाठवलं होतं. त्यावर उत्तर आलं: ‘मला रजया विकत घ्यायच्या आहेत.’ माइ सुधारलं होतं, पेइ नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. सावकाश, सुटा शब्द म्हणताना पेइ सपाट राहत होतं; पूर्ण वाक्याच्या शेवटी आलं की मराठी वाक्याचा शेवटचा उतार त्याला खाली ओढत होता. ‘चहा प्यायचे’ जोडल्याचा फायदा तिथे दिसला. नव्या वाक्याच्या मुद्रणातही पेइ तितकंच घसरलेलं होतं, पण कुणाला ते जाणवलंही नाही.

त्या दिवशी चार दुकानांत नव्या वाक्यानं काम झालं. काचेच्या दुहेरी भिंतीच्या कपांचे नमुने घेतले, दोन ठिकाणांचे भाव घेतले. जेवताना एकदा सूप मागवलं आणि वाटीभर साखर आली. थांग-१ म्हणजे सूप, थांग-२ म्हणजे साखर. ते वाक्य माझ्या यादीत नव्हतंच, पुतण्यानं कुठून तरी उचललं होतं. आठवड्यानं भाव पक्के करताना दुभाषी घेतला, तो घ्यायलाच हवा होता. पैशाच्या आकड्यांवर मी असल्या युक्त्या चालवल्या नसत्या.

## वेगळं काय करता आलं असतं

यादी देताना सुरांचे आकडे लिहायला हवे होते. माइ-३ आणि माइ-४ असं लिहिलं असतं तर चौथ्या वाक्यातला ‘विकणं’ आणि पहिल्या वाक्यातला ‘घेणं’ हे दोन वेगळे शब्द आहेत एवढं तरी अण्णांना डोळ्यांनी दिसलं असतं. आकडा बघून सूर लगेच जमत नाही, पण घोटाळा कुठे होऊ शकतो ते कळतं. देवनागरीनं व्यंजनांचं काम इतकं चांगलं केलं की सूर राहून गेले हे मलाच जाणवलं नाही.

दुसरं, तपासणी मी स्वतः करायला नको होती. माझ्या मनात अर्थ आधीच होता. ज्याला अर्थ माहीत नाही अशा एका चिनी माणसाला मुद्रण पाठवून ‘लिहून द्या’ म्हणणं, हे जाण्याआधी पाच मिनिटांचं काम होतं. आता मी कुणालाही यादी देताना पहिली तीन वाक्यं अशी तपासल्याशिवाय देत नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं अजून पक्कं मत झालेलं नाही. अण्णांना मी आधी सूर शिकवायला हवे होते की आधीच सुरावाचून चालणारं वाक्य द्यायला हवं होतं? माझे काही सहकारी म्हणतात की अशी आडवाट दिली की माणूस सूर कधीच शिकत नाही. त्यात तथ्य आहे. पण अण्णा भाषा शिकायला गेले नव्हते. त्यांना दोन दिवसांत कप बघायचे होते. अशा माणसाला, निदान चौकशीच्या टेबलापुरतं तरी, मी आता आडवाटच देईन. फक्त मान डोलावण्याआधी समोरच्याला कागदावर लिहायला सांगा, किंवा वस्तूचं छायाचित्र दाखवा, ही सूचना यादीच्या पहिल्या ओळीत घालीन.

परवा अण्णांचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या फेरीची तयारी चालली आहे. ती रजई सांगलीच्या थंडीला जड होते म्हणून धाकट्या बहिणीला महाबळेश्वरला देऊन टाकली, असं म्हणाले. मग म्हणाले, “ताई, एक सांगा. ते ‘कसे दिले’चं माइ चौथं, आणि ‘घ्यायचंय’चं तिसरं. बरोबर ना?” आणि दोन्ही म्हणून दाखवले. पहिलं नीट आलं. दुसरं पुन्हा म्हणायला लावलं.